एका ठिपक्याचा खण

शितावरून भाताची परीक्षा करावी असं आपल्याकडे म्हणतात. मात्र कुठलं शीत उचलावं, आणि ते न शिजलेलं निघालं तर चूक तांदळाची की चुलीची, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. मेहविशला हे जानेवारीच्या तेवीस तारखेला कळलं. तोवर तिची तीन आठवडे चैन चालली होती.

मानकोलीच्या गोदामांच्या रांगेत एका औषध पोचवणाऱ्या कंपनीचं गोदाम आहे. खाली थंड खोली, तिथून इन्सुलिनच्या बाटल्या बर्फाच्या पिशव्यांसकट डब्यात भरून तालुकाभर जातात. त्यातल्या बऱ्याचशा एका ट्रस्टतर्फे फुकट जातात. पत्र्याच्या जिन्याने वर गेलं की एक छोटी खोली, दोन कॉम्प्युटर, एक पांढरा फळा आणि चहाचे डाग पडलेलं टेबल. त्या खोलीत निजामपुऱ्याची मेहविश आणि मानकोली गावातलाच मनोज, असे दोघे बसत. काम कुणाला सांगितलं तर तो हसायचा. लोकांनी कंपनीच्या चॅटवर पाठवलेले रिकामे मेसेज वाचायचे.

मेहविशच्या अब्बांनी तर हात जोडले होते. "रिकामा मेसेज वाचते म्हणजे काय वाचते गं? आमच्या लूमवर धागा नसेल तर कापड निघत नाय, आणि तुला त्याचा पगार मिळतो?"

काम मात्र खोटं नव्हतं. एक जानेवारीपासून कंपनीने चॅटवर उत्तरं द्यायला माणसाऐवजी यंत्र ठेवलं होतं, भिवंडी तालुक्यापुरतं, प्रयोग म्हणून. कुणी "इन्सुलिन संपलं" असं लिहिलं की ते यंत्र नीट उत्तर देई, मागणी नोंदवून घेई. पण पुष्कळ जण पहिल्याच मेसेजात काहीच लिहीत नसत. कुणी नुसती मोकळी जागा पाठवी, कुणी "हाय" म्हणून गप्प बसे, कुणी फोटो टाकी, कुणी अर्ध्या शब्दावर पाठवायचं बटण दाबी. अशांशी यंत्राने काय बोलायचं? ते ठरवायला आधी अशा मेसेजांचे प्रकार पाडायला हवेत, प्रत्येकाचा एक खण. नमुन्याची संभाषणं वाचायची आणि खण ठरवायचे, हे या दोघांचं काम. पुण्याच्या रंजिता मॅडम फोनवरून देखरेख करत.

पहिल्या आठवड्यात त्यांनी पाचशे संभाषणं वाचली. फळ्यावर चौदा खण झाले. पूर्ण रिकामा. नुसता ठिपका. नुसती इमोजी. नुसता नमस्कार. अर्धवट सुटलेला. फोटो, शब्द नाही. असं बरंच. रंजिता मॅडम म्हणाल्या, चौदा फार झाले, यंत्राला इतके झेपायचे नाहीत, आठावर आणा.

मेहविशने कंबर कसली. तिला हे काम आवडत असे. गोंधळातून ओळी काढायच्या, प्रत्येक गोष्टीला तिची जागा द्यायची. तिने ठिपक्याचा खण उचलला आणि "चुकून गेलेला" या खणात ओतला.

मनोज खुर्चीतून पुढे झुकला. "थांब जरा. ठिपका हे मेसेजचं रूप हाय. चुकून गेला की मुद्दाम धाडला, ही त्या माणसाच्या मनातली गोष्ट हाय. दोन्ही एकात कसं घालतेस?"

"पुरावा बघ ना." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "त्र्याऐंशी ठिपके आले. यंत्राने त्र्याऐंशी वेळा विचारलं, नमस्कार, काय मदत करू? एकोणऐंशी जणांनी काहीच उत्तर दिलं नाही. पंधरा मिनिटं वाट बघून संभाषण बंद. ज्याला काही हवं असतं तो विचारल्यावर बोलतो की नाही? खिशात बटण दाबलं गेलं, दुसरं काय?"

"आणि बाकीचे चार?"

"दोघांनी परत ठिपकाच टाकला. एकाने आवाजाचा मेसेज पाठवलाय, त्यात नुसती कोंबडी ओरडते. एकाने लिहिलंय 'फोन'. फोन खिशात होता म्हणत असेल."

मनोज हसला आणि तिथेच चुकला. हसल्यावर माणसाला वाद घालता येत नाही. मग दोघांनी रीतीप्रमाणे एकमेकांचं न बघता शंभर मेसेज वेगवेगळे लावले आणि ताडून पाहिले. सत्त्याण्णव जुळले. रंजिता मॅडमनी फोनवर शाबासकी दिली. दहा तारखेपासून नियम लागू झाला: "चुकून गेलेला" खणातल्या मेसेजला यंत्राने उत्तर द्यायचं नाही, मागणी नोंदवायची नाही, उगाच कुणाला त्रास द्यायचा नाही.

त्या संध्याकाळी मेहविशने स्वतःच्या पैशाने दोघांसाठी समोसे आणले.

त्यानंतर दर गुरुवारी तालुक्यातून आलेल्या साऱ्या रिकाम्या मेसेजांचा गठ्ठा यायचा आणि यंत्राने त्यांना बरोबर खणात टाकलंय का, ते दोघं तपासायचे. पंधरा तारखेला एक गठ्ठा, बावीसला दुसरा. ठिपका दिसला की मेहविश बरोबरची खूण करून पुढे जाई. एका मेसेजाला किती वेळ? डोळा मिटून उघडेपर्यंतचा. एकदा लागोपाठ दहा ठिपके आले तेव्हा ती म्हणालीसुद्धा, "भिवंडीचे खिसे फार बोलके आहेत रे." आपलीच कोटी आपल्याला आवडावी इतकी ती खुशीत होती.

तेवीस तारखेला, शुक्रवारी दुपारी, खालचा प्रिंटर बिघडला म्हणून रामनाथ वर आला.

रामनाथ थंड खोलीत डबे भरायचा. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, बर्फात काम करून बोटं लालसर झालेला माणूस. यंत्र येण्याआधी चॅटवर पाच वर्षं तोच बसत होता, एवढं मेहविशला कानावर आलं होतं. तेव्हाची गोष्ट विचारावी असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं. जिन्याखाली बारा पायऱ्यांवर तो माणूस रोज होता, आणि ती वर बसून पडद्यातून माणसं ओळखायचा प्रयत्न करत होती. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी असतो.

प्रिंटरमधून डब्यांवर चिकटवायच्या पत्त्याच्या पट्ट्या निघायला वेळ लागत होता. रामनाथ उभ्या उभ्या फळा वाचू लागला. वाचता वाचता त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय लिवलंय? चुकून गेलेला, एक ठिपका, दोनशे चौदा?"

"तीन आठवड्यांत दोनशे चौदा लोकांच्या हातून चुकून ठिपका गेला," मेहविश म्हणाली. "गंमत आहे ना, रामनाथभाऊ?"

रामनाथ हसला नाही. "चुकून कशाला जाईल? ती माझी मानसं हायत."

"म्हणजे?"

"ज्यांना लिवता येत न्हाय ती. मीच सांगून ठेवलेलं. कायपण लिवू नका, एक ठिपका धाडा, मी लगेच फोन करतो. फोनवर विचारायचो, औषध किती उरलंय, डोस बदलला का, घरी कोन हाय डबा घ्यायला. गावाकडं मिस्ड कॉल देतात ना, तसं. मग मी डबा धाडायचो." तो एकदम थांबला. "तुमचं मशीन फोन करतं ना त्यांना?"

प्रिंटर आपला पट्ट्या काढत राहिला.

मेहविशने टेबलाची कड धरली. एकोणऐंशी जणांनी उत्तर दिलं नव्हतं, कारण ते वाचत नव्हते. ते फोन हातात घेऊन, घंटी वाजायची वाट बघत बसले होते. आणि तो एक जण, ज्याने कुणाकडून तरी "फोन" एवढं लिहून घेतलं होतं, त्याने तर सरळ सांगितलं होतं. तिने त्याचा विनोद केला होता.

"भाऊ, तुम्ही सांगितलं का नाही?" तिचा आवाज चढला, आणि चढल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली.

"मला कोनी विचारलं?" रामनाथ शांतपणेच म्हणाला. "एकतीस तारखेला सांगितलं, उद्यापासनं खाली. सगळं मशीनमधे घातलंय म्हणाले. मला वाटलं, ठिपकापण घातला असंल." मग तो हळूहळू स्टुलावर बसला. "तिकडचे डबे येत न्हाईत हे मला दिसत व्हतं. अकलोलीकडचे, डोंगराकडचे. मी समजलो रातपाळीवाले भरतात."

मनोजने तोवर पडदा उघडला होता. त्यांच्या तक्त्यात एक उभा रकाना होता जो त्यांनी पहिल्याच दिवशी जागा अडते म्हणून लपवला होता: गिऱ्हाइकाचा सांकेतिक क्रमांक. ते संभाषणं मोजत होते, माणसं नव्हे. संभाषण एकदा बंद झालं की यंत्र पुढच्या मेसेजला नव्या संभाषणाचा पहिला मेसेज म्हणे. म्हणून सोमवारचा ठिपका पहिला, मंगळवारचाही पहिला, आणि पाच वर्षांची ओळख दर दिवशी पुसली जाई.

मनोजने तो रकाना उघडला आणि त्यावरून ठिपके लावले. दोनशे चौदा लोक नव्हतेच. एकसष्ट होते.

"एकसष्ट मानसं," मनोज पुटपुटला. "तीच तीच परत परत ठिपके धाडतायत."

खिशातलं बटण एकाच माणसाच्या हातून नऊ वेळा, रोज सकाळी सातला, दबत नाही. हे त्या रकान्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. सत्त्याण्णव टक्के जुळलं म्हणून तिने समोसे आणले होते. दोघांनी मिळून प्रत्येक ठिपक्यावर एकच चूक केली होती, एवढाच त्या जुळण्याचा अर्थ होता.

तिने पुण्याला फोन लावला. रंजिता मॅडम आधी म्हणाल्या, "मेहविश, शांत हो, सोमवारी बैठकीत घेऊ."

"मॅडम, इन्सुलिन आहे. सोमवारपर्यंत नाही थांबता येत. नियम आत्ता बंद करा आणि मला एकसष्ट फोन नंबर द्या."

"क्रमांकामागची नावं आम्ही अशी उघडत नाही, तुला माहीत आहे."

"तीन आठवडे औषध न मिळालेली माणसं आहेत, आणि त्यांना गप्प मी बसवलंय," मेहविश म्हणाली. हे तोंडून निघाल्यावर तिला रडू फुटलं, पण फोन तिने ठेवला नाही. मग मॅडम म्हणाल्या, "अर्ध्या तासात पाठवते."

चाळीस मिनिटांनी यादी आली. तिघांनी वाटून घेतली. ज्या जुन्या टेबलफोनवरून रामनाथ पाच वर्षं बोलत आला होता, त्यावर तो स्वतः बसला. त्या नंबरावर बाहेरून फोन लागत नसे, तिथून फक्त करता येत असे. म्हणूनच तर ठिपक्याची युक्ती निघाली होती. मनोज मोबाइलवर लागला.

बातम्या यायला लागल्या. एकाच्या मुलाने बाजारातल्या मेडिकलमधून विकत आणलं होतं. एक बाई बहिणीच्या बाटलीतलं अर्धं अर्धं घेत होती. एक म्हातारा चिडून म्हणाला, तुमच्या नादी लागून चार दिवस दवाखान्यात पडलो, आता फोन ठेवा. त्याची शिवीसुद्धा मेहविशला गोड वाटली, कारण शिवी द्यायला माणूस जिवंत होता. प्रत्येक नावापुढे ती खूण करत गेली, आणि दर खुणेला तिच्या छातीवरचं ओझं तसूभर हलकं होत गेलं. खाली गाडीवाल्यांनी डबे भरायला घेतले होते.

चव्वेचाळीस झाले. पन्नास झाले. मेहविशच्या वाट्याचा एक नंबर उरला होता. सांकेतिक क्रमांकापुढे चार ठिपके होते. बारा तारीख, तेरा तारीख, चौदा तारीख. मग मोकळे दिवस. मग एकोणीस तारखेला एक. शेवटचा चारच दिवसांपूर्वीचा, म्हणून तिने तो मागे ठेवला होता. चार दिवसांपूर्वी ठिपका टाकणारं माणूस धडधाकट असणार, हा तिचा हिशेब.

"हा कुणाचा, भाऊ?"

रामनाथने यादीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "दामू आनि पुतळाबाई. अकलोलीच्या पुढचा पाडा. दामूला पंधरा वर्सांची साखर. ती बाई एक दिवस खाडा करत न्हाय. लाव, लाव, या टेबलफोनवरनंच लाव, नंबर बघून वळखंल."

मेहविशने नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला.

"भाऊ!" पलीकडून बाईचा आवाज आला. "किती दिसांनी केलात. तुमी बरं हाव ना?"

"मावशी, मी रामनाथभाऊ नाही, मेहविश बोलते, गोदामातून. भाऊ इथेच आहेत. बरे आहेत."

"बरं हायत? देव पावला. मना वाटलं त्यांनाच काय झालं. तीन दिस ठिपका टाकला, फोन न्हाय आला. तसं कदी व्हत न्हाय. मंग मी म्हटलं, भाऊ आजारी हाय, आपन कशाला तरास द्यावा. म्हनून टाकायचं थांबवलं."

मेहविशने डोळे मिटले. "मावशी, दामूकाका कसे आहेत?"

"ते गेले की."

खोलीतला पंखा फिरत होता, खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"शनवारी गेले," पुतळाबाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, रडून झाल्यानंतर उरतो तसा. "औशद पुरवून पुरवून अर्धं अर्धं दिलं. मंग तेपन संपलं. उलट्या लागल्या, मना वाटलं खान्यातनं. श्वास असा जोरजोरात घ्यायचे. गाडी मिळवून खाली आनलं, तर वाटंतच."

शनिवार म्हणजे सतरा तारीख. पंधराला, गुरुवारी, मेहविश याच टेबलावर बसून बारा, तेरा आणि चौदाच्या ठिपक्यांना बरोबरची खूण करत होती. तेव्हा दामू जिवंत होता. मानकोलीपासून त्याच्या घरापर्यंत गाडी दीड तासात पोचते. बोलके खिसे म्हणून ती हसली, तो दिवसही तोच होता. हे सगळं तिला एका क्षणात, आकड्यांसारखं स्वच्छ दिसलं.

रामनाथ तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला सांगावं लागलं नाही. तो उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग मेहविशची नजर यादीवर गेली. एकोणीस तारीख. दामू गेल्यानंतर दोन दिवसांनी.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "काका गेल्यावर तुम्ही एक ठिपका पाठवला होता. सोमवारी."

"हा. धाडला."

"का?"

"भाऊंना सांगाया, आता औशद नका धाडू म्हनून," पुतळाबाई म्हणाली. "फुकट मिळतं म्हनून काय झालं, आमच्याकडं पडून खराब व्हईल. दुसऱ्या कुनाला कामाला येईल. फोन आला असता तर बोलले असते. आला न्हाय. मना वाटलं, पोचलाच नसंल."

फोन आता ठेवता आला असता. सांत्वनाचे चार शब्द बोलून, कंपनीच्या वतीने दुःख व्यक्त करून. मनोज खुणेने तेच सुचवत होता. रंजिता मॅडमनीही यादी पाठवताना बजावलं होतं, चौकशी होईपर्यंत कुणीही काही कबूल करायचं नाही. पण त्या बाईने आपला ठिपका वाटेतच हरवला असं समजून उरलेला जन्म काढावा, हे मेहविशला सहन होईना.

"पोचला होता, मावशी," ती म्हणाली. "चारही पोचले होते. भाऊंकडे नाही आले, माझ्याकडे आले. मीच वाचले."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मेहविशला वाटलं बाई आता शिव्या देईल, आणि तिने त्या झेलायला मान खाली घातली.

पुतळाबाईने शिवी दिली नाही. तिला खरंच समजलं नव्हतं, आणि तिने साधेपणाने विचारलं.

"वाचलास? मंग तुना काय वाटलं बाय, मी कशाला धाडला असंल?"